धागा: प्लॉट विकून आलेले अठरा लाख – जवळचे, मधले आणि लांबचे पैसे कसे वेगळे करावेत?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. गावालगतचा वडिलोपार्जित प्लॉट विकला गेला असून सर्व खर्च वजा जाता अठरा लाख रुपये हाती आले आहेत. सध्या ते बचत खात्यातच पडून आहेत. घरची सहा एकर शेती आहे, तीत सोयाबीन आणि तूर असते. पत्नी खाजगी शाळेत शिकवते आणि तिचे चौदा हजार रुपये दरमहा घरात येतात. मुलगी यंदा दहावीला आहे.

सर्वत्र असे वाचायला मिळते की तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा एका बाजूला, तीन ते सात वर्षांचा दुसऱ्या बाजूला आणि त्यापुढचा तिसऱ्या बाजूला ठेवावा. पहिला आणि तिसरा भाग मला समजतो, मधल्या भागाचे मात्र काहीच समजत नाही. माझा ढोबळ अंदाज असा की तीन लाख जवळ ठेवावेत, पाच लाख मुदत ठेवीत ठेवावेत आणि दहा लाख म्युच्युअल फंडात दीर्घकाळासाठी टाकावेत. या विभागणीत काही चुकते आहे का?

वाळूज_वाला (छत्रपती संभाजीनगर)
काहीही चुकत नाही, उलट तुम्ही जास्त सावधपणा करत आहात. पाच वर्षे शेअर बाजारात पैसा ठेवला की तोटा होत नाही, हे आजवरच्या आकड्यांवरून सिद्ध झालेले आहे. तीन लाख जवळ ठेवा आणि उरलेले पंधरा लाख निर्देशांकाच्या फंडात टाका. मुदत ठेवीतला पैसा महागाई खाऊन टाकते.

शेतीच_बरी (गंगाखेड)
मी तर म्हणतो की प्लॉट विकलाच का? आता त्याच पैशाची जमीन घ्या. जमीन कोणी चोरून नेत नाही.

हळदवाली (वसमत)
@शेतीच_बरी, जमीन चोरून कोणी नेत नाही हे खरे, पण मुलीची फी भरण्यासाठी जूनमध्ये त्यातली दोन गुंठे मोडून विकताही येत नाहीत. धागाकर्त्यांनी पैसा कधी लागणार असे विचारले आहे, कुठे गाडून ठेवू असे विचारलेले नाही. :-)

निवृत्त_शाखाधिकारी (नांदेड)
मांजराकाठ, आपल्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे. आपण रक्कम सांगितली, विभागणीही सांगितली, परंतु खर्च कोणते आणि ते कोणत्या महिन्यात येणार आहेत हे कुठेच लिहिलेले नाही. आधी विभागणी ठरवून नंतर खर्च त्यात बसवायला गेलो की गणित नेहमी दीर्घकाळाच्या बाजूला झुकते, कारण तिथे परतावा अधिक दिसतो. कृपया येत्या पंधरा वर्षांतले माहीत असलेले मोठे खर्च आजच्या भावाने लिहा, आणि प्रत्येक खर्चापुढे एवढेच नमूद करा की तो पुढे ढकलता येतो की नाही.

मांजराकाठ
धन्यवाद साहेब. लिहितो.

पेरणीपासून काढणीपर्यंत सहा एकरांना सुमारे दीड लाख लागतात आणि हा खर्च दर जूनपासून सुरू होतो. मुलीला अकरावी-बारावीसाठी लातूरलाच शिकवणी लावायची आहे. गाव तीस किलोमीटरवर असल्याने ती वसतिगृहात राहील. शिकवणी, राहणे आणि जेवण धरून वर्षाला दोन लाख, म्हणजे दोन वर्षांचे चार लाख. त्यानंतर चार वर्षांचे महाविद्यालय आजच्या भावाने वर्षाला दीड लाख धरतो, म्हणजे सहा लाख. शासकीय वैद्यकीयला नंबर लागला तर फी कमी होईल, खाजगीचा विचार आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. पाच वर्षांनी घरावर स्लॅब टाकायचा आहे, त्याला चार लाख. तो दोन वर्षे पुढे गेला तरी चालेल. राहिलेले सगळे म्हातारपणासाठी.

घरखर्च महिन्याला अठ्ठावीस हजार आहे.

पूर्णाकाठचा (परभणी)
मला यात एक मुद्दा जोडावासा वाटतो, कारण शहरातल्या पगारदारांसाठी लिहिलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते म्हणतात की सहा महिन्यांचा घरखर्च आपत्कालीन निधी म्हणून बाजूला ठेवा. पगारदाराची नोकरी गेली तर सहा महिन्यांत दुसरी मिळू शकते, म्हणून तो आकडा त्याला पुरतो. आपले उत्पन्न मात्र वर्षातून एकदा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने उभे सोयाबीन पाण्यात गेले तेव्हा अनेक घरांचे पुढचे उत्पन्न थेट पुढच्या वर्षीच्या दिवाळीवर गेले, आणि मधल्या जूनमध्ये पेरणी पुन्हा करावी लागणारच होती. म्हणून शेतकऱ्याचा जवळचा पैसा एक पूर्ण हंगाम बुडाला तरी पुरेल इतका असला पाहिजे. सहा महिने हे माप आपले नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
पूर्णाकाठचा यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि त्यांच्या मापाने हिशोब करून दाखवतो.

घरखर्च अठ्ठावीस हजार, त्यातले चौदा हजार पत्नीच्या पगारातून भागतात. म्हणजे शेतीने भरून काढायची तूट महिन्याला चौदा हजार, वर्षाला एक लाख अडुसष्ट हजार. आपण एक लाख सत्तर हजार धरू. हंगाम बुडाला तर ही तूट आणि पुढची पेरणी असे दोन्ही खिशातून करावे लागेल, म्हणजे राखीव रक्कम झाली तीन लाख वीस हजार. याशिवाय येत्या जूनची नेहमीची पेरणी दीड लाख आणि दोन वर्षांची शिकवणी चार लाख. दीड वर्षाच्या आत लागू शकणारा पैसा असा आठ लाख सत्तर हजारांवर गेला. आपण तीन लाख धरले होते.

महाविद्यालयाचे सहा लाख हा मधला भाग. एकूण चौदा लाख सत्तर हजार झाले आणि अठरातून उरले तीन लाख तीस हजार. त्यात चार लाखांचा स्लॅबही पूर्ण बसत नाही. ज्या दहा लाखांना आपण दीर्घकाळाचा पैसा म्हणत होता, त्यातले जवळपास सात लाख खरे तर जवळच्या तारखांचे होते.

मांजराकाठ
हे वाचून मी कागदावर पुन्हा मांडून पाहिले आणि आकडे तसेच आले. घरी पत्नीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मी हेच सांगत होते, फक्त इतके शुद्ध मराठीत नव्हते."

वाळूज_वाला
मान्य, राखीव रक्कम मी कमी धरली. पण महाविद्यालयाचे सहा लाख तरी फंडात ठेवावेत असेच माझे मत आहे. शेवटचा हप्ता साडेपाच वर्षांनी आहे, आणि पाच वर्षांत बाजार तोटा देत नाही हे मी वर लिहिलेच आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
@वाळूज_वाला, हे विधान बहुतेक काळात खरे ठरते, म्हणूनच ते धोकादायक आहे. जानेवारी २००८ च्या सुरुवातीला सेन्सेक्स वीस हजार आठशेच्या वर बंद झाला होता. मार्च २००९ पर्यंत तो साडेआठ हजारांच्याही खाली आला. २०१० च्या अखेरीस तो पुन्हा एकवीस हजारांजवळ पोहोचला हे खरे, परंतु बरोबर पाच वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, तो वीस हजारांच्या आसपासच होता. लाभांश सोडून पाहिले तर जानेवारी २००८ मध्ये एकरकमी पैसा टाकणाऱ्याला पाच वर्षांत काहीच मिळाले नव्हते, आणि ज्याची फी २००९ च्या जूनमध्ये भरायची होती त्याला सुमारे तीस टक्के तोटा सोसून विकावे लागले असते. बाजार सावरतो, पण प्रवेशाची शेवटची तारीख त्याची वाट पाहत नाही.

वाळूज_वाला
एकरकमी आणि दरमहा गुंतवणूक यांत फरक आहे, तो आपण येथे लपवत आहात. त्याच पाच वर्षांत दरमहा गुंतवणूक करणाऱ्याला खालच्या भावातही खरेदी मिळाली होती.

निवृत्त_शाखाधिकारी
बरोबर, आणि दरमहा गुंतवणुकीचा मी विरोधक नाही. परंतु येथे प्रश्न हातात असलेल्या एकरकमी पैशाचा आहे.

गुरुजी_अंबड (जालना)
मी जिल्हा परिषदेतून पुढील वर्षी निवृत्त होत आहे. मला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाख ठेवता येतील असे समजले. मुलाचे लग्न साधारण चौदा महिन्यांनी आहे. सगळेच तिथे ठेवावे का, की टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना बरी?

हळदवाली
गुरुजी, आपला प्रश्न वेगळा असला तरी उत्तर याच धाग्यात आहे. तीस लाखांची मर्यादा बरोबर आहे, पण ती योजना पाच वर्षांची आहे. एका वर्षाच्या आत खाते बंद केले तर व्याज मिळत नाही, दिलेले व्याजही परत कापून घेतात. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान बंद केले तर मूळ रकमेतून दीड टक्का कापला जातो. म्हणून लग्नाचे पैसे आधी वेगळे काढून वर्षभराच्या ठेवीत ठेवा आणि उरलेले तिथे टाका. मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावावर नऊ लाखांचीच मर्यादा आहे.

बीडकर_१२
मधल्या भागासाठी कोणी बारा-तेरा टक्के देणाऱ्या पतसंस्थेचे नाव सुचवण्याआधीच लिहून ठेवतो. आमच्या वडिलांनी बहिणीच्या शिक्षणासाठीचे चार लाख एका बहुराज्य संस्थेत तीन वर्षांसाठी ठेवले होते. मुदत संपली तेव्हा शाखेला कुलूप होते. पावत्या अजून कपाटात आहेत आणि बहिणीचे शिक्षण कर्ज काढून झाले. संस्थेचे नाव येथे लिहीत नाही, प्रकरण न्यायालयात आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
बीडकर यांनी लिहिले त्यात जे समजून घ्यायला हवे ते असे की पतसंस्थेतील ठेवीला ठेव विमा लागू होत नाही, मग ती संस्था कितीही मोठ्या इमारतीत असो. व्यापारी बँका आणि सहकारी बँका यांतील ठेवींना तो लागू होतो आणि फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख आहे. या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि एकाच बँकेच्या दोन शाखांतील ठेवी एकत्र मोजतात. धागाकर्त्यांनी दोन बँका आणि पती-पत्नींची स्वतंत्र नावे वापरून प्रत्येक ठिकाणी चार लाखांच्या आसपास ठेवले, तर व्याज वाढूनही सर्व रक्कम मर्यादेत राहील. पत्नीच्या नावावर आपला पैसा ठेवला तरी त्याचे व्याज करासाठी आपल्याच उत्पन्नात धरले जाते, एवढे लक्षात असू द्यावे.

मांजराकाठ
आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. सहा लाख मधले आहेत हे पटले. पण ते नेमके कसे ठेवायचे? पाच वर्षांची एकच ठेव करावी, की राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र घ्यावे? आणि मुदत ठेव मध्येच मोडली तर सगळे व्याज बुडते ना?

निवृत्त_शाखाधिकारी
आधी शेवटच्या शंकेबद्दल. मुदत ठेव मोडल्यास सगळे व्याज बुडत नाही. ठेव जितके दिवस राहिली तितक्या मुदतीला, ठेव उघडताना जो दर होता तो लावतात आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड म्हणून कमी करतात. अगदी सात दिवसांच्या आत मोडली तर मात्र काही मिळत नाही. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचे तसे नाही. खातेदाराचा मृत्यू, न्यायालयाचा आदेश अशी मोजकी कारणे वगळता ते पाच वर्षांपूर्वी वटवता येत नाही, त्यामुळे अडीच वर्षांनी येणाऱ्या फीसाठी ते निरुपयोगी आहे.

आता मांडणी. आपला मधला खर्च एकदम सहा लाखांचा नसून दीड-दीड लाखांचे चार हप्ते आहेत आणि ते चार वेगवेगळ्या जुलै महिन्यांत येणार आहेत. आज डिसेंबर आहे. पहिला हप्ता साधारण अडीच वर्षांनी, म्हणून दीड लाखाची एक ठेव एकोणतीस महिन्यांची, दुसरी एक्केचाळीस, तिसरी त्रेपन्न आणि चौथी पासष्ट महिन्यांची करावी. प्रत्येक ठेव मे महिन्यात परिपक्व होईल आणि प्रवेशाच्या धावपळीआधी पैसा खात्यात असेल. बँका अशा विषम महिन्यांच्या ठेवी घेतात. टपाल खात्याच्या मुदत ठेवी मात्र एक, दोन, तीन आणि पाच वर्षांच्याच असतात. डिसेंबरमध्ये तीन वर्षांची ठेव केली तर ती तिसऱ्या डिसेंबरला सुटेल आणि फी त्याआधीच्या जुलैतच भरायची असेल. दर पाव टक्का अधिक दिसला म्हणून तारीख चुकवू नये.

साडेसहा टक्के दर धरला तर पहिली ठेव सुमारे एक लाख पंचाहत्तर हजार आणि शेवटची सुमारे दोन लाख तेरा हजार होईल. फी दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढली तर त्या वेळी अनुक्रमे एक लाख ऐंशी हजार आणि दोन लाख तीस हजारांच्या जवळपास लागतील. म्हणजे पाच ते सतरा हजारांची तूट राहील, आणि व्याजावर कर बसला तर थोडी अधिक. वाळूज_वाला यांचा महागाईचा मुद्दा इथे खरा आहे, पण ही तूट आधीच दिसते आणि एका तुरीच्या पट्टीतून भरून निघते.

हळदवाली
यात एक सूचना जोडते, कारण आमच्याकडे असे घडले. ठेव करताना अर्जावर "मुदतीनंतर आपोआप नूतनीकरण" ही खूण बहुधा आधीच केलेली असते. आमची अठरा महिन्यांची ठेव मेमध्ये संपली आणि कोणी काही न सांगितल्यामुळे पुन्हा अठरा महिन्यांसाठी सुरू झाली. "मुदतीनंतर रक्कम बचत खात्यात जमा करावी" असे स्पष्ट निवडून घ्या आणि पावतीवर ते छापून आले आहे का ते पाहा.

पूर्णाकाठचा
जवळच्या पैशाचा आणखी एक उपयोग सांगतो. घरात रोकड नसली की काढणी झाल्याबरोबर मिळेल त्या भावाने सोयाबीन घालावे लागते. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये असताना हंगामात खुल्या बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. ज्यांच्याकडे घर चालवायला पैसा होता त्यांना नोंदणी करून खरेदी केंद्राची वाट पाहता आली.

शेतीच_बरी
आणि ज्यांनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माल धरला आणि भाव आणखी पडला, त्यांचे काय? मी स्वतः दोन हंगाम असा माल धरणारे पाहिले आहेत. माल धरून ठेवणे हा सट्टाच आहे, तुम्ही त्याला बचत म्हणा हवे तर. जमिनीवरून माझी चेष्टा झाली, पण या मुद्द्यावर मी हटणार नाही.

पूर्णाकाठचा
उन्हाळ्यापर्यंत धरा असे मी म्हटलेले नाही. आणि धरायचाच असेल तर बाजार समितीकडे शेतमाल तारण ठेवून किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. त्या मुदतीत भाव वाढेलच याची हमी मीही देत नाही.

वाळूज_वाला
एक शंका. येत्या जूनच्या पेरणीचे दीड लाख रोख का अडकवायचे? पीककर्ज घ्या ना. ते मुदतीत फेडले तर तीन लाखांपर्यंत व्याज जवळजवळ पडतच नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
सूचना चांगली आहे आणि धागाकर्त्यांनी ती जरूर वापरावी. परंतु त्यामुळे दीड लाख मोकळे झाले असे समजू नये. पीककर्जाची सवलत वेळेवर फेडणाऱ्यालाच मिळते, आणि हंगाम बुडाला तर फेड नेमकी त्याच वर्षी अडते. म्हणून ते दीड लाख फेडीच्या तारखेपर्यंतच्या ठेवीत ठेवावेत. पैसा जवळच्याच भागात राहील, फक्त त्याची तारीख जूनवरून पुढच्या मार्चवर जाईल आणि मधल्या काळाचे व्याज मिळेल.

मांजराकाठ
आता राहिले तीन लाख तीस हजार, स्लॅब आणि म्हातारपण. दोन्ही होत नाहीत हे दिसतेच आहे. यातून स्लॅबसाठी ठेवावे की म्हातारपणासाठी?

निवृत्त_शाखाधिकारी
स्लॅब पुढे ढकलता येतो असे आपणच लिहिले आहे, त्यामुळे त्याला निश्चित तारखेचा खर्च मानू नये. चांगल्या हंगामाची शिल्लक त्याकडे वळवावी. तीन लाख तीस हजार मात्र खरोखर पंधरा वर्षे हात न लावता ठेवता येण्यासारखे आहेत, तेव्हा इथे वाळूज_वाला यांचा निर्देशांकाचा फंड योग्य ठरतो. थोडा भाग सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत टाकावा. त्याची मुदत पंधरा वर्षांची आहे आणि अंशतः रक्कमही सातव्या आर्थिक वर्षापासूनच काढता येते, त्यामुळे फी भरताना हात त्याकडे जाणार नाही.

वाळूज_वाला
अखेर माझी शिफारस मान्य झाली, रक्कम मात्र पंधरा लाखांवरून तीन लाखांवर आली. :-) पण एक विचारतो. हा पैसा वापरायची वेळ जवळ येईल तेव्हा तो फंडातून ठेवीत कधी आणायचा? मी म्हणेन की बाजार वर असेल तेव्हा आणावा.

निवृत्त_शाखाधिकारी
मी म्हणेन की गरजेच्या तीन-चार वर्षे आधीपासून दरवर्षी ठरलेल्या महिन्यात एक हिस्सा आणावा, बाजार कुठेही असो. आपला बाजार वर आहे हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसते.

वाळूज_वाला
बाजार पडलेला असताना केवळ कॅलेंडर पाहून विकायचे, हे मला पटत नाही. अशा वर्षी एक हप्ता थांबवायला काय हरकत आहे?

हळदवाली
तुमचा हा वाद संपणार नाही, त्याला अजून अकरा वर्षे आहेत. मांजराकाठ, तोपर्यंत एक सांगा, अठरा लाख अजूनही एकाच बचत खात्यात आहेत का? विम्याची मर्यादा पाच लाखांची आहे.

मांजराकाठ
हो, एकाच खात्यात आहेत. सोमवारी पत्नीला घेऊन दोन्ही बँकांत जातो. आधी चार ठेवींचे अर्ज, मग शिकवणीच्या दुसऱ्या वर्षाचे दोन लाख सतरा महिन्यांसाठी, आणि राखीव रक्कम एकाऐवजी पन्नास-पन्नास हजारांच्या तुकड्यांत, म्हणजे गरज पडली तर सगळी मोडावी लागणार नाही. निवृत्त_शाखाधिकारी साहेब, नामनिर्देशन प्रत्येक ठेवीला वेगळे करावे लागते का?

निवृत्त_शाखाधिकारी
होय, प्रत्येक ठेवीच्या अर्जावर वेगळे करावे, आणि पावतीवर "नामनिर्देशन नोंदले" असा उल्लेख आल्याशिवाय काउंटर सोडू नये.